मदत हवी आहे: थायरॉइडमुळे अनियमित झालेले ठोके, टी-फोर नॉर्मल होऊनही पूर्ववत होत नाहीत

अपर्णा_व
माझ्या आईचे वय 71 असून तिला रक्तदाबाचा जुना त्रास आहे. दहा आठवड्यांपूर्वी जिना चढताना धाप लागू लागली म्हणून इसीजी काढला, तेव्हा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, निघाले. गळ्याला सूज नव्हती, हात कापत नव्हते. सहा किलो वजन उतरले होते, पण ते आम्ही वयावर ढकलले होते. तपासणीत थायरॉइडला चालना देणारा टीएसएच 0.01 पेक्षा कमी आणि थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन फ्री टी-फोर 3.9 आला (प्रयोगशाळेची मर्यादा 0.8 ते 1.8), म्हणजे थायरॉइड जास्त निघाले. तेव्हापासून थायरॉइड उतरवणारे कार्बिमाझोल 30 मिलिग्रॅम, ठोक्यांचा वेग कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल आणि रक्त गोठू न देणारे अपिक्साबान चालू आहे.

तीन आठवड्यांपूर्वी टी-फोर 1.4 वर आला, टीएसएच मात्र तसाच आहे. ठोके 130 वरून 84 वर आले आहेत. भावाचे म्हणणे असे की ठोके ताब्यात आले, तर अपिक्साबान बंद करावे; मामा म्हणतात की शॉक देऊन ठोके आत्ताच सरळ करून घ्यावेत. डॉक्टर 'थांबा' म्हणाले, पण कशासाठी आणि किती दिवस, हे त्या गडबडीत विचारायचे राहून गेले.

रमाकांत६२
टीएसएच अजून 0.01 च आहे, म्हणजे औषध पुरे पडत नाही. कार्बिमाझोल वाढवून घ्या. मूळ आजार आटोक्यात आल्याशिवाय ठोके सुधारणार नाहीत.

डॉ_मुक्ता
रमाकांत, तुमचे शेवटचे वाक्य बरोबर आहे, पण त्याआधीचा सल्ला धोक्याचा आहे. अनेक महिने दबून राहिलेला टीएसएच टी-फोर नॉर्मल झाल्यावरही कित्येक आठवडे, कधी काही महिने, वर येत नाही. त्याच्याकडे पाहून गोळी वाढवली, तर रुग्ण उलट्या टोकाला, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याकडे जातो. सध्या मात्रा टी-फोर आणि थायरॉइडचा दुसरा हार्मोन टी-थ्री पाहून ठरवतात. अपर्णा, टी-थ्री तपासला आहे का? टी-फोर उतरला तरी टी-थ्री चढाच राहिल्याचे मी पाहिले आहे, आणि तसे असेल तर हृदयाच्या दृष्टीने आजार अजून चालूच आहे.

आता भावाच्या शंकेविषयी. 84 हा ठोक्यांचा वेग झाला, लय नव्हे. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजू द्या. मनगटावर 84 आणि छातीवर 96 भरले, तर 12 ठोके इतके दुबळे आहेत की ते हातापर्यंत पोहोचतच नाहीत. प्रोप्रॅनोलॉलने वेग उतरतो, पण वरचे कप्पे थरथरतच राहतात, तिथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. वय आणि रक्तदाब पाहता अपिक्साबान स्वतःहून थांबवू नका.

सुहास_पा
माझ्या पत्नीचेही असेच आहे. थायरॉइडमुळे ठोके 50, पाय सुजलेले आणि हातपाय कायम गार. तिलाही हेच रक्त पातळ करणारे औषध लागेल का?

डॉ_मुक्ता
सुहास, तुमचे वर्णन थायरॉइड कमी पडण्याचे वाटते, ती गोष्ट वेगळी आहे. त्यात हृदय सावकाश आणि कमी जोराने चालते, रक्तवाहिन्या आवळल्याने रक्तदाबाचा खालचा आकडा चढू शकतो आणि कधी हृदयाभोवती पाणीही साठते. केवळ तेवढ्याने रक्त पातळ करणारे औषध लागत नाही. लागते थायरॉक्सिन, आणि वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर ते अगदी कमी मात्रेने सुरू करतात. घाईने वाढवले किंवा जास्त झाले, तर अपर्णांच्या आईसारखे फिब्रिलेशन औषधानेच ओढवू शकते.

अपर्णा, शॉकसाठी थांबण्याचे कारण असे: अंगात थायरॉइड जास्त असेतो वरच्या कप्प्यांच्या पेशी एका ठोक्यानंतर फार लवकर पुढच्यासाठी तयार होतात, त्यामुळे शॉकने लय आली तरी टिकत नाही. शिवाय बऱ्याच रुग्णांची लय थायरॉइड ताळ्यावर आल्यानंतरच्या काही आठवड्यांत आपोआप परत येते. म्हणून साधारणपणे नॉर्मल झाल्यावर तीन-चार महिने वाट पाहतात आणि मग शॉकचा विचार करतात. आणखी एक: कार्बिमाझोल चालू असताना ताप किंवा घसा दुखणे सुरू झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्या.

अपर्णा_व
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आज टी-थ्री आला, मर्यादेच्या किंचित वर आहे. म्हणजे 'नॉर्मल झाल्यापासून'चे दिवस मोजणे अजून सुरूच झालेले नाही, असे मी समजते. मनगटावर 82 आणि छातीवर 91 भरले. इकोमध्ये डावा वरचा कप्पा 4.6 सेंटिमीटर लिहिला आहे. त्याचा लय परत येण्यावर परिणाम होईल का?

डॉ_मुक्ता
होईल. कप्पा मोठा झाला असेल, तर लय आपोआप येण्याची शक्यता कमी होते. पण तो थायरॉइडमुळे वाढला की जुन्या रक्तदाबामुळे, हे एका इकोवरून सांगता येणार नाही. टी-थ्री उतरून दोन-तीन महिने झाले की इको पुन्हा करून आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतील.