अनुभव सांगा: खात्यात पैसे आले, पण नेमके कुणाचे?

कोपरखैरणेची चित्रकला ताई
माझ्या क्लासला 58 मुलं आहेत, फी महिना 1,200. पहिल्या आठवड्यात स्टेटमेंटमध्ये 1,200, 1,200, 1,200 अशी रांग लागते. बिल मुलाच्या नावाने असतं, पैसे मात्र आजोबा, मामा किंवा वडिलांच्या दुकानाच्या खात्यातून येतात. गेल्या महिन्यात एका आईला फी राहिल्याची आठवण केली. तिने पहिल्याच तारखेला भरली होती, मी ती दुसऱ्या पाटलांच्या नावावर मांडली होती. फार वाईट वाटलं. तुम्ही कसं जुळवता, सविस्तर लिहा.

घणसोलीची डबेवाली
मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळे पैसे लावून देते. एकाला 2,400.01, दुसऱ्याला 2,400.02. रकमेवरूनच माणूस कळतो. अगदी सोपं आहे, ताई.

वागळे इस्टेटचा हिशेबनीस
लोकांनी रक्कम तशीच भरली तर ही युक्ती चालते. पण हाताने रक्कम टाकणारे बरेचजण सरळ 2,400 टाकतात, आणि मग काहीच कळत नाही. त्यापेक्षा बिलावर रकमेसह क्यूआर छापा. त्यात बिल नंबरही घालता येतो:

```
upi://pay?pa=तुमचा-आयडी&pn=तुमचं-नाव&am=1200.00&cu=INR&tn=INV-041
```

`tn` मधला मजकूर प्रत्येक बँकेच्या स्टेटमेंटवर पूर्ण येईलच असं नाही, कधी अर्धाच दिसतो. खरी खूण म्हणजे यूपीआयचा 12 आकडी नंबर. पालकाच्या ॲपमध्ये तो यूटीआर म्हणून दिसतो आणि तुमच्या स्टेटमेंटवरही असतो. पालकांकडून स्क्रीनशॉट घ्या, पण चित्रावर विश्वास टाकू नका. त्यातला नंबर स्टेटमेंटमध्ये सापडला, तरच बिलावर 'जमा' लिहा.

ऐरोलीचा फोटोवाला
माझं दुखणं वेगळं आहे. लग्नाचे फोटो देऊन चार महिने झाले, पार्टी फोनच उचलत नाही. काय करावं?

वागळे इस्टेटचा हिशेबनीस
दादा, ती वसुलीची गोष्ट झाली, इथे आलेले पैसे जुळवायचे आहेत. पुढच्या कामाला निम्मी रक्कम आधी घ्या, एवढंच सांगतो.

नौपाड्याची केकवाली
मी पेमेंट लिंक पाठवते. लिंकवर बिल नंबर असतो, त्यामुळे कुणी भरले ते लगेच कळतं. पण बँकेत येणारी रक्कम एकाही बिलाशी जुळत नाही. परवा 4,637.90 आले. असं बिल मी कधी केलंच नाही. त्याआधी तीन केक गेले होते, 1,500, 2,400 आणि 850 चे.

वागळे इस्टेटचा हिशेबनीस
हे पैसे त्याच तीन केकचे असतील. बेरीज 4,750. लिंक चालवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे गेटवेचा दर 2 टक्के धरला तर 95 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 17.10. एकूण 112.10 वजा जाऊन 4,637.90 राहतात. गेटवे दोनएक दिवसांनी सगळं मिळून एकाच रकमेत टाकतो.

म्हणून बँकेची ओळ बिलाशी जुळवू नका. गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट उतरवा, त्यातला यूटीआर बँकेच्या ओळीशी जुळवा आणि मग रिपोर्टमधली एकेक पेमेंट बिलाशी. तिन्ही बिलं पूर्ण भरली असंच लिहायचं. 112.10 हा तुमचा खर्च, तो गिऱ्हाइकाची बाकी म्हणून दाखवू नका. रिफंड दिला तर तो पुढच्या एकत्रित रकमेतून कापला जातो. तेव्हा अचानक कमी पैसे आले की आधी रिफंड तपासायचा.

नौपाड्याची केकवाली
हो, तेच तीन केक! मी ते 112 रुपये एका ताईंकडे मागणार होते. पण 850 च्या केकवर वीस रुपये जाणं मला परवडत नाही. किंमत वाढवावी, की लहान ऑर्डरला फक्त यूपीआय घ्यावं?

पाचपाखाडीचा भाषांतरकार
मी लहान ऑर्डरला लिंक देतच नाही. माझी अडचण कंपन्यांची आहे. बिल 60,000 अधिक जीएसटी 10,800, म्हणजे 70,800. कंपनी दहा टक्के टीडीएस कापते, म्हणून 63,720 येतील असं मी धरलं होतं. आले 64,800.

वागळे इस्टेटचा हिशेबनीस
कंपनीचं बरोबर आहे. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ 60,000 वर, म्हणजे 6,000. ते बुडाले नाहीत, आयकर पोर्टलवर तुमच्या टीडीएसच्या नोंदीत दिसायला हवेत. दिसेपर्यंत ते 'टीडीएस येणे' म्हणून वेगळे ठेवा, गिऱ्हाइकाची थकबाकी म्हणून नको.

डबेवाली
आणि दुकानाच्या नावाने आलेल्या पैशांची पावती कुणाच्या नावाने द्यायची? माझ्याकडे एक गिऱ्हाईक दुकानाच्या नावाने मागतं.

हिशेबनीस
माझ्या मते, ज्याला सेवा दिली त्याच्या नावाने. खातं दुसऱ्याचं असेल तर तसा शेरा मारा. इतरांची पद्धत वाचायला आवडेल.

कोपरखैरणेची चित्रकला ताई
काल रात्री मागच्या महिन्याचं स्टेटमेंट घेऊन बसले. न जुळलेल्या 11 ओळी होत्या. ग्रुपवरचे जुने स्क्रीनशॉट शोधून 12 आकडी नंबर लावला, 9 सुटल्या. उरलेले दोन 1,200 अजून अनोळखी आहेत. सध्या ते वहीच्या वेगळ्या पानावर ठेवलेत, कुणाच्याच नावावर मांडले नाहीत. त्या आईला आज फोन करून माफी मागितली.