मदत हवी आहे: पोर्टल व्हेन बंद, सोबत प्रोटीन सी आणि एस कमी

रुग्ण २३ वर्षांचा, राहणार भांडुप. प्लीहा १९ सेंमी, प्लेटलेट ४८ हजार, पांढऱ्या पेशी २,९००. मुंबईत पावसाळ्यात प्लेटलेट घसरल्या की आधी डेंग्यू-मलेरियाच तपासतात; दोन्ही निगेटिव्ह आले.

डॉपलरमध्ये पोर्टल व्हेनच्या जागी बारीक नसांचं जाळं दिसतं, हिपॅटिक व्हेन मात्र मोकळ्या आहेत. सिरोसिस वाटत नाही: यकृत गुळगुळीत, फायब्रोस्कॅन ५.८, अल्ब्युमिन ४.१. अन्ननलिकेतल्या मोठ्या व्हेरिसेसचं बँडिंग सुरू आहे. जॅक-२ निगेटिव्ह. ही तपासणी मुद्दाम केली, कारण फुगलेली प्लीहा पेशी अडवून ठेवते आणि रक्तपेशी वाढवणारा मॅरोचा आजार त्याआड लपू शकतो.

अडलंय ते इथे. प्रोटीन सी ५४ टक्के, एस ४९, अँटिथ्रॉम्बिन ६६, आयएनआर १.४. वॉरफरिन कधीच दिलेलं नाही. पोर्टल रक्तप्रवाह तुटल्यावर यकृत धड असूनही ही तिन्ही खाली येतात, त्यामुळे एवढ्यावरून उपजत कमतरता म्हणणं मला घाईचं वाटतं. तसं लेबल लागलं तर व्हेरिसेस असताना आयुष्यभर रक्त पातळ करण्याच्या औषधाचा प्रश्न उभा राहील.

आईवडील दोघंही तपासणीला तयार आहेत, पण खर्चाला मर्यादा आहे. अशा वेळी आधी त्यांच्या पातळ्या पाहता, रुग्णाचेच फॅक्टर २ आणि १० मोजून प्रोटीन सीशी ताडता, की थेट जनुकीय तपासणी करता?