पीडीएफ टाइमटेबल कॅलेंडरमध्ये: स्क्रिप्ट की हाताने?

खिडकीजवळ: कॉलेजने सेमिस्टरचं टाइमटेबल पीडीएफमध्ये दिलंय, आडव्या ओळीत वार आणि वर वेळा. फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायचंय. स्क्रिप्ट लिहू की एकेक टाइप करू?

निवांत: हाताने टाक बाबा. आठवड्याचे पंचवीस-तीस तास, प्रत्येकाला वीकली रिपीट लावलं की विषय संपला. स्क्रिप्टच्या नादात लोक अख्खा रविवार घालवतात आणि तरी प्रॅक्टिकल चुकीचं येतंच.

रकानेवाला: प्रॅक्टिकल चुकतं कारण लोक रिकाम्या खान्यांचे दोन प्रकार एकच धरतात. पायथनच्या pdfplumber लायब्ररीतल्या extract_table() ने बुधवारची ओळ अशी येते:

```
['WED', 'DBMS', 'LAB B1', None, '', 'MATHS']
```

यात '' म्हणजे खरंच मोकळा तास, आणि None म्हणजे तिथे वेगळा खानाच नाही, शेजारचा पसरलाय. म्हणजे लॅब १०:१५ ते १२:१५ अशी दोन तासांची. दोन्ही गाळलंस तर लॅब सव्वाअकरालाच संपते.

निवांत: मग None दिसला की आधीचा तास लांबवायचा, एवढंच ना?

रकानेवाला: तिथेच गोची आहे, मधली सुट्टी सोमवारपासून शनिवारपर्यंत उभी जोडलेली असते ना, मग सोमवारी RECESS येतं आणि मंगळवारपासून खाली सगळे None, ते डावीकडून भरलेस तर सुट्टीतही लेक्चर चालू दिसणार. सुट्टीचा रकाना आधी उडव, मग लांबव. शेवटी प्रत्येक विषयाचे आठवड्याचे तास मोजून छाप, गडबड झाली असेल तर लगेच कळते.

घाटमाथा: मी एसटीचं वेळापत्रक असंच काढायला गेलो तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती अगम्य चिन्हं. फॉन्ट जुना, युनिकोड नाही. गावांची नावं शेवटी हातानेच.

निवांत: बसचं कॅलेंडर कशाला पण? दिवसाला वीस गाड्या टाकून काय करणार?

घाटमाथा: माझ्या दोनच असतात हो, सकाळची आणि परतीची.

रकानेवाला: आणि हो, दुपारचं १:३० नुसतं "1:30" छापतात, तसंच टाकलं तर रात्री दीडला अलार्म. वेळ आधीच्या रकान्यापेक्षा मागे गेली की बारा मिळव. शिवाय गूगलच्या सीएसव्ही इम्पोर्टमध्ये रिपीट चालत नाही, आयसीएस फाइल बनवून त्यात RRULE टाक.

निवांत: बघा, एका टाइमटेबलसाठी एवढं पुराण.

रकानेवाला: एकासाठी नाहीच. आमच्याकडे पहिल्या महिन्यात टाइमटेबल बदलत राहतं, आणि बी१, बी२, बी३ तिघांचं वेगळं. यासाठी वेगळं कॅलेंडर ठेव, बदल आला की ते पूर्ण डिलीट करून नवीन इम्पोर्ट कर, नाहीतर जुनं-नवं एकावर एक बसतं.

खिडकीजवळ: माझी पीडीएफ बहुतेक स्कॅन आहे, अक्षरं सिलेक्टच होत नाहीयेत.

निवांत: घ्या! टाइप करायला लाग.

रकानेवाला: ऑफिसात मूळ एक्सेल मागून बघ आधी.