मदत हवी आहे: सर्वात मोठा गॅप, बकेटची रुंदी आणि दशांश संख्या

नमस्कार मंडळी. अ‍ॅरे सॉर्ट न करता, चढत्या क्रमातल्या शेजाऱ्यांमधला सर्वात मोठा फरक O(n) मध्ये काढायचा आहे.

उदाहरण: 15, 4, 29, 36, 10, 17. इथे n = 6, किमान 4, कमाल 36. पाच फरकांची बेरीज 32, म्हणजे सर्वात मोठा फरक किमान 6.4, पूर्णांकात 7. म्हणून बकेटची रुंदी 7 घेतली: 4–10, 11–17, 18–24, 25–31, 32–38. एका बकेटच्या आतला फरक 6 च्या वर जातच नाही, त्यामुळे प्रत्येक बकेटचे फक्त किमान-कमाल ठेवले तरी पुरते. 18–24 रिकामी आहे, ती ओलांडून 29 − 17 = 12. उत्तर बरोबर येतं.

मला मिळालेल्या कोडमध्ये मात्र भागाकार खाली उतरवला आहे आणि बकेट n च आहेत:

```
w = max(1, (hi - lo) // (n - 1))
i = (x - lo) // w
```

वरच्या उदाहरणात हे चालतं. पण 1, 2, 3, 5, 8, 10 मध्ये w = 1 होतो आणि 10 चा इंडेक्स 9 येतो, अ‍ॅरेच्या बाहेर! रुंदी वर चढवली की इंडेक्स n − 1 च्या पुढे जात नाही, हे पटलं.

अडलंय ते दशांश संख्यांपाशी. तिथे w नेमका साठवला जात नाही. राउंडिंगमुळे w एवढ्या अंतरावरच्या दोन संख्या एकाच बकेटमध्ये पडल्या, तर उत्तर चुकू शकतं का? कुणाकडे सिद्धता किंवा उलट उदाहरण असेल तर कृपया सांगा.