मदत हवी आहे: ध्वनिमुद्रित लोककथा लहान करायची आहे, पण ठेका जाऊ द्यायचा नाही

शब्दवेडी:
नमस्कार मंडळी. माझ्या ओळखीच्या एका आजींकडून मी चिमणीच्या दाण्याची गोष्ट फोनवर मुद्रित केली आहे. मुद्रण २३ मिनिटांचं आहे, उतरवून काढल्यावर सुमारे २,५०० शब्द झाले. मुलांच्या वाचनासाठी छोटी पुस्तिका निघतेय, तिच्यात ५०० शब्दांचीच जागा आहे.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. चिमणीचा दाणा खुंटाच्या फटीत अडकतो, खुंट देत नाही. मग ती सुताराकडे जाते, मग राजा, राणी, साप, काठी, विस्तव, नदी, हत्ती. सगळे नाही म्हणतात. शेवटी मुंगी हो म्हणते आणि साखळी उलटी फिरते. दर वेळी आजी आधीचे सगळे नकार पुन्हा म्हणतात, नवा नकार सर्वांत आधी. शेपूट मात्र कायम तेच: "खुंट दाणा देईना, मी खाऊ काय, लेकरा देऊ काय?"

माझ्यासमोर दोनच वाटा दिसतात. सगळी पुनरावृत्ती ठेवली तर शब्द मावत नाहीत. "अशा रीतीने ती सर्वांकडे गेली, पण कोणीच ऐकले नाही" असं लिहिलं तर गोष्टच उरत नाही. शेवटी आजी म्हणतात, "मुंगी म्हणून कुणी पायाखाली घेऊ नये गं." पुस्तिकेवाल्यांना तिथे 'तात्पर्य' हवंय. काय करू?

खडूगोळी:
सोप्पं आहे. लोककथेत सगळं तीन वेळा येतं. तीन भाऊ, तीन प्रश्न, तीन रात्री. तुम्हीही तीनच जण ठेवा आणि बाकीचे काढा. शेवटी "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" टाका, झाली गोष्ट.

जुनी कॅसेट:
माझ्याकडे वडिलांच्या आवाजातल्या गोष्टींच्या कॅसेट आहेत, त्यात घरघर फार येते. आधी आवाज स्वच्छ करून घ्या असं सुचवेन. कुणी चांगला माणूस माहीत असेल तर मलाही सांगा, मूळ फीत बिघडू नये एवढीच काळजी आहे.

शब्दवेडी:
@जुनी कॅसेट, आवाज स्वच्छच आहे हो, माझा प्रश्न लिहिण्याबद्दल आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढलात तर जास्त लोक बघतील.

सांगोवांगी:
खडूगोळी, तिनाचा नियम तीन भावांच्या गोष्टीत बरोबर आहे, कारण तिथे तीच घटना पुन्हा घडते आणि तिसऱ्यांदा फिरते. इथे घटना पुन्हा घडत नाही, वाढत जाते. तिघांवर आणलीत तर वाढायला जागाच राहणार नाही. आणि 'साठा उत्तरांची' ही ओळ व्रताच्या कहाणीची. आजींनी म्हटली नसेल तर आपण चिकटवू नये.

शब्दवेडीताई, आधी कोण गळू शकतं ते बघा. एक दुवा काढला की त्याच्या दोन्ही बाजूंचे एकमेकांना लागतात का, एवढंच तपासायचं. राणी काढली तर साप राजाला डसेल, लागतंय. काठी काढली तर विस्तव सापाला भाजेल, लागतंय. नदी काढून बघा: हत्ती विस्तवाचं काय करणार? तुटलं. हत्ती काढला तर मुंगी नदीला घाबरवणार कशी? तेही तुटलं. राजा तसा निघू शकतो, साप थेट सुताराला डसला तरी चालतं. पण राजा काढू नका. राजानं नाकारलेलं काम मुंगी करते, त्यावरच आजींचं शेवटचं वाक्य उभं आहे.

राणी आणि काठी गेल्यावर नकार देणारे ९ चे ७ झाले. साखळी दर वेळी पूर्ण म्हटली तर नकाराच्या ओळी आधी ४५ होत्या, आता २८ होतील. एवढ्यानंही भागणार नाही. म्हणून मधल्या वेळी फक्त नवा नकार आणि शेपूट लिहा:

साप राजाला डसेना…
खुंट दाणा देईना,
मी खाऊ काय, लेकरा देऊ काय?

पूर्ण साखळी दोनदाच. एकदा राजापाशी, तिथे ती दोनच नकारांची असते आणि वाचणाऱ्याला चाल कळते. दुसऱ्यांदा मुंगीपाशी, सातही:

हत्ती नदी पिईना,
नदी विस्तव विझवीना,
विस्तव सापाला भाजीना,
साप राजाला डसेना,
राजा सुताराला दटावीना,
सुतार खुंट फोडीना,
खुंट दाणा देईना,
मी खाऊ काय, लेकरा देऊ काय?

प्रत्येक नकार 'ना'वरच संपला पाहिजे. एका ठिकाणी जरी "सापाने नकार दिला" आलं, तरी वाचणारा अडखळतो.

शब्दवेडी:
हे फार उपयोगी पडलं! ओळी कुठे तोडायच्या यातही गोंधळ होतोय. मुद्रणात समोर बसलेली नातवंडं मधेमधे "हं" म्हणतात. ते मी काढून टाकणार होते.

सांगोवांगी:
छापताना काढा, पण त्याआधी उतरवलेल्या मजकुरात प्रत्येक "हं"पाशी एक तिरकी रेघ मारून ठेवा. ओळ संपल्याशिवाय हुंकार येत नाही. कथाकार श्वास घेतो तिथे मुलं हुंकारतात, आणि लिखाणातली ओळ साधारण तिथेच तुटते. दोन हुंकारांच्या मधे तुमची तीन वाक्यं आली तर समजा, गोष्टीचा निबंध व्हायला लागलाय.

उलट फिरण्याच्या भागात मात्र आजी कशा धावतात ते ऐका. तिथे बहुधा हुंकाराला जागाच नसेल. "हत्ती म्हणाला, नको बाई सोंडेत, मी नदी पितो. नदी म्हणाली, मला पिऊ नको, मी विझवते." असं एकेका वाक्यात, चिमणीची विनवणी न आणता. चढण सावकाश आणि उतार भरभर, हे प्रमाण ५०० शब्दांतही टिकलं पाहिजे. उताराला ६०-७० शब्द पुरतात, वाचलेली जागा चढणीला द्या.

मधली सुट्टी:
मी तिसरीला शिकवते. मसुदा झाला की एखाद्या मुलाला वाचून दाखवा, स्वतः मनात वाचू नका. तिसऱ्या वेळेपर्यंत मूल आपणहून "खुंट दाणा…" म्हणायला लागलं तर पुनरावृत्ती पुरेशी आहे. नाही लागलं तर शेपटाचे शब्द कुठेतरी बदललेत. एकीकडे 'लेकरा' आणि दुसरीकडे 'पिल्लाला' असं झालेलं असतं.

तात्पर्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वेगळी चौकट आली की मुलं फक्त तीच वाचतात, परीक्षेत तेच विचारतात असं वाटून. पण नुसतं आजींचं वाक्य ठेवलं तर काही मुलांना ते उपदेश म्हणून कळतच नाही.

सांगोवांगी:
चौकट नकोच. चिमणी दाणा घेऊन उडाली की लगेच आजींचं वाक्य, 'गं'सकट, त्यांच्याच तोंडी. "कोणालाही क्षुल्लक समजू नये" असं प्रमाण केलंत की मुंगी गेली आणि पायही गेला. 'पायाखाली' आहे म्हणून तर ते वाक्य मुंगीला धरून आहे.

खडूगोळी:
पण 'गं' छापलं तर ते मुलींनाच सांगितल्यासारखं वाटेल ना?

शब्दवेडी:
आजी ते मला उद्देशून म्हणाल्या होत्या, म्हणून 'गं'. नातवंडांत मुलगेही होते. यावर मी अजून अडकले आहे. मसुदा झाला की आधी त्यांनाच वाचून दाखवते आणि विचारते.

सांगोवांगी, आणखी एक. राणी आणि काठी काढली हे पुस्तिकेत कुठे लिहावं का? की नुसतं 'सांगणारी' म्हणून त्यांचं नाव आणि 'शब्दांकन' म्हणून माझं पुरेल?

सांगोवांगी:
एक ओळ लिहाच: "मूळ कथनात राणी आणि काठीही आहेत." उद्या कुणी पूर्ण गोष्ट ऐकली तर आजी चुकल्या असं त्याला वाटायला नको. नाव छापायचं का, हेही त्यांनाच विचारा. मुद्रणाला हो म्हणाल्या म्हणजे छापायलाही हो म्हणाल्या असं नाही.

जुनी कॅसेट:
वेगळा धागा काढलाय, बघा जरा.