४० चा शाफ्ट एका निकषाने पास, दुसऱ्याने नापास. कुणाचं ऐकायचं?

नवा_डिझायनर: कन्व्हेयरचा ड्राइव्ह शाफ्ट, व्यास ४० मिमी. स्प्रॉकेटखाली बेंडिंग मोमेंट ४०० न्यूटन-मीटर, टॉर्क ६००. मटेरियल ईएन-८, सर्टिफिकेटवर यील्ड ३२० आणि अल्टिमेट ५८० एमपीए. साहेबांना फॅक्टर ऑफ सेफ्टी ३ हवा. मॅक्झिमम शिअरने, म्हणजे ट्रेस्काने, २.७९ येतो, डिस्टॉर्शन एनर्जीने, म्हणजे व्हॉन मिझेसने, ३.०७. ड्रॉइंग सोडू की व्यास वाढवू?

जुना_बोर्ड: वाढवा. मॅक्झिमम शिअरने ३ मिळवायला ४१ मिमी लागतो, पण त्या मापाचं बेअरिंग सहज मिळणार नाही, म्हणून सरळ ४५. चार पैशांच्या स्टीलसाठी कसली घासाघीस? आम्ही आयुष्यभर ट्रेस्कावर शाफ्ट काढले.

टॉर्कराव: वाढवायची गरजच नाही. जास्तीत जास्त शिअर स्ट्रेस ५७.४ येतो. शिअरमधलं यील्ड ०.५७७ गुणिले ३२०, म्हणजे १८५. भागाकार ३.२. तसंही ट्रेस्का नेहमी १५ टक्के जास्तच घाबरतो.

शाफ्टवेडा: टॉर्कराव, ५७.४ ट्रेस्काचे आणि ०.५७७ व्हॉन मिझेसचा. एकाचा ताण दुसऱ्याच्या मर्यादेने भागलात, म्हणून हा तिसराच आकडा निघाला. ट्रेस्का धरलात तर मर्यादा यील्डच्या निम्मी, १६०. भागा, २.७९ च येईल.

आणि ‘नेहमी १५ टक्के’ हेही खरं नाही. नुसतं बेंडिंग असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येतं, नुसता टॉर्क असेल तेव्हा फरक साडेपंधरा टक्क्यांवर जातो. इथे बेंडिंगचा ताण ६३.७ आणि टॉर्कचा ४७.७:

```
ट्रेस्का:  √(63.7² + 4×47.7²) ≈ 115 MPa
मिझेस:   √(63.7² + 3×47.7²) ≈ 104 MPa
```

म्हणजे फरक १० टक्के. व्यास घनमुळात जातो, म्हणून मापात तो ३ टक्केच उरतो. खरं कोण, याचं उत्तर टेलर आणि क्विनी यांनी १९३१ मध्ये नळ्यांवर ओढ आणि पीळ एकत्र देऊन शोधलं होतं. तांबं, ॲल्युमिनियम, माइल्ड स्टील, तिन्हींचे बिंदू मिझेसच्या जवळ पडले. त्यामुळे यील्डपुरतं बोलायचं तर ३.०७ जास्त खरा.

जुना_बोर्ड: प्रयोगशाळेतल्या नळ्यांना कीवे, म्हणजे चावी बसवायची खाच, नसतो, आणि चेन झटका देऊन सुरू होत नाही. तो १० टक्के माझ्या अज्ञानाचा विमा आहे.

लेथवाला_इचलकरंजी: तुमच्या बेरजा चालू द्या. आमच्याकडे असाच शाफ्ट दोनदा तुटून आला, दोन्ही वेळा कीवेच्या टोकाशी. तुटलेला भाग बघितला तर बराचसा गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा रेषा, आणि एका कडेला थोडासाच खरबरीत. पहिल्यांदा वेल्डिंग करून टर्निंग मारून दिला, तर वेल्डच्या कडेलाच गेला. मटेरियल खराब का?

शाफ्टवेडा: मटेरियलला दोष देऊ नका, तो फटीगचा, म्हणजे पुन्हापुन्हा उलटणाऱ्या ताणाने तुटण्याचा, चेहरा आहे. गुळगुळीत भागात भेग सावकाश पुढे सरकली, खरबरीत भाग शेवटी एकदम तुटला. ईएन-८ प्रीहीट न करता वेल्ड केलं की कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. नवी भेग तिथूनच सुरू होते.

धागाकर्त्याचा खरा प्रश्नही इथेच आहे. शाफ्ट फिरतो, म्हणून वरचा बिंदू अर्ध्या फेरीनंतर खाली येतो आणि बेंडिंगचा ताण दर फेरीला उलटतो. टॉर्क साधारण स्थिर राहतो. २.७९ काय आणि ३.०७ काय, दोन्ही आकड्यांना या उलटण्याची खबरच नाही. कीवेसाठी ताण दुप्पट धरा. बेंडिंगचे १२७ होतात. फिनिश आणि आकार धरून एन्ड्युरन्स लिमिट, म्हणजे कितीही वेळा उलटला तरी शाफ्ट झेलेल तो ताण, साधारण २००. भागाकार ०.६४. टॉर्कचे मिझेसप्रमाणे १६५, भागिले अल्टिमेट ५८०, म्हणजे ०.२८. गुडमनच्या पद्धतीने दोन्हींची बेरीज ०.९२, एकाला तिने भागलं की फॅक्टर १.०८. कुठे ३ आणि कुठे हा! दुप्पट हा माझा अंदाज आहे. कीवेच्या कोपऱ्याला त्रिज्या किती दिलीय, त्यावर तो वरखाली होईल.

जुना_बोर्ड: म्हणजे शेवटी ४५ च ना?

शाफ्टवेडा: माप तेच, कारण वेगळं. ४५ ला हा फॅक्टर दीडच्या आसपास जातो. पण तुमच्या ट्रेस्काने ४१ मागितला होता. बेअरिंगवाल्याकडे ४१ असता, तर तुम्ही तिथेच थांबला असता.

जुना_बोर्ड: आणि तुमच्या मिझेसने ४० वरच सही केली असती.

टॉर्कराव: एक विचारतो. तो ४०० चा मोमेंट स्प्रॉकेटच्या मध्यावरचा की कीवे संपतो तिथला? टोक बेअरिंगच्या बाजूला असेल तर मोमेंट कमी भरेल, मग १.०८ सुद्धा बदलेल.

नवा_डिझायनर: मध्यावरचा आहे. कीवेचं टोक तिथून ३५ मिमीवर, बेअरिंगच्या दिशेने. तिथला मोमेंट काढून आकडे टाकतो.