मदत हवी आहे: केमोनंतर आईला ताप, पण ती ठणठणीत. रात्रीच निघावं का?

आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. दुसरी सायकल होऊन आज दहावा दिवस. संध्याकाळी अंग कोमट लागलं म्हणून तोंडात थर्मामीटर ठेवला तर १००.८, तासाभराने १०१. खोकला नाही, लघवीला जळजळ नाही. पिठलं-भाकरी खाऊन मालिका बघत बसलीय, म्हणते सकाळी बघू. केमोचं हॉस्पिटल नाशिकला, इथून दोन तास. मावशी म्हणते तापाची गोळी देऊन झोपव. काय करू?

रानवारा: माझ्या बाबांना केमोच्या रात्रीच ताप यायचा, सकाळी उतरायचा. औषधाचाच असतो तो.

सुईदोरा: काही औषधांनी त्याच दिवशी ताप येतो, खरंय. पण इथे दहावा दिवस आहे. मी केमो वॉर्डात नर्स आहे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, सूज येत नाही, छातीचा एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो. ताप हीच एकमेव खूण उरते. अशी हसतबोलत आलेली माणसं काही तासांत बीपी पडून आयसीयूत गेलेली मी पाहिली आहेत. आत्ता निघा. तापाची गोळी नको, आकडा लपतो आणि आत चाललेलं थांबत नाही.

भटक्या_७: पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानेही ताप येतो ना?

सुईदोरा: येतो, हाडंही दुखतात. पण ताप त्याचाच आहे हे घरी बसून ठरवता येत नाही. धागाकर्त्या ताई, नाशिकच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा. जवळ रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक देणारं हॉस्पिटल असेल तर आधी तिथे जा. दारातच सांगा, 'केमो चालू आहे, दहावा दिवस, ताप १०१'. नाहीतर साधा व्हायरल म्हणून रांगेत बसवतील. पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस जायला हवा. कोणता जंतू आहे ते शोधायला कल्चरचं रक्त त्याआधी घ्यावं, पण रिपोर्टसाठी डोस थांबवू नये. गुदद्वारातून ताप मोजू देऊ नका.

धागाकर्ती: नाशिकच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. गावातल्याच हॉस्पिटलात आणलं. पांढऱ्या पेशी ९००, न्यूट्रोफिल २० टक्के. म्हणजे किती वाईट?

सुईदोरा: न्यूट्रोफिल म्हणजे त्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. ९०० चे २० टक्के म्हणजे १८०. पाचशेच्या खाली गंभीर धरतात. डोस गेला का?

धागाकर्ती: हो, पहिली बाटली चालू आहे. आई अजून म्हणतेय मला काही झालेलं नाही, घरी चला.

रानवारा: गोळ्यांवर घरी सोडतात ना काहींना?

सुईदोरा: सोडतात, पण धोका कमी आहे हे डॉक्टरांनी तपासून ठरवल्यावरच, आणि घर हॉस्पिटलजवळ असेल तर.

धागाकर्ती: पुढची सायकल आता लांबणार का?

सुईदोरा: पेशी किती लवकर वर येतात त्यावर आहे. लांबवतील, डोस कमी करतील किंवा ते इंजेक्शन जोडतील. ते नाशिकवालेच सांगतील.